आजीचे आकडे, ढोलाचा ठेका आणि न जुळलेलं प्रॅक्टिकल

*मॅडम, नमस्कार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. वर्किंग मेमरीचं, म्हणजे काम करताना माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीचं प्रॅक्टिकल मी घरीच घेतलं, आजी, आत्या आणि दादावर. सात आकडे एकेक करून कार्डावर दाखवायचे आणि मग क्रमाने म्हणायला लावायचे. नुसतं हे केलं तेव्हा सरासरी ५.६ आकडे बरोबर आले. मग तेच करताना डाव्या हाताने टेबलावर ढोल पथकाचा ठेका धरायला सांगितला. दादा पथकात आहे, त्यानेच सगळ्यांना शिकवला. पुस्तकातल्या मॉडेलप्रमाणे आकडे फोनॉलॉजिकल लूपमध्ये, म्हणजे मनातल्या मनात शब्द घोळवणाऱ्या भागात, आणि हाताचं काम वेगळ्या भागात, त्यामुळे फरक पडायला नको होता. पण सरासरी ३.९ वर आली. आजीला तर दोनच आकडे जमले. ती म्हणे, "काहून छळून रायली मले?" मैत्रीण म्हणते जर्नलमध्ये आकडे दुरुस्त करून टाक. मॉडेल चूक आहे की माझं प्रॅक्टिकल? व्हायवात "हे भाग वेगळे आहेत कशावरून?" असं विचारलं तर काय सांगू? हॉलमध्ये कूलर आणि आजीची मालिका दोन्ही सुरू होतं, त्यानेही फरक पडतो का?*

*— महालातली एक विद्यार्थिनी, नागपूर*

आकडे दुरुस्त करू नकोस. तुझे ५.६ आणि ३.९ अगदी बरोबर आलेले आहेत. फक्त तू जे मोजतेय असं तुला वाटत होतं, ते तू मोजलंच नाहीस.

आधी ढोलापासून सुरुवात करू. दादाला एक काम सांग: तोंडातून अवाक्षर न काढता तोच ठेका एखाद्या नवख्याला शिकवून दाखव. त्याला ते जमणार नाही. दोन मिनिटांत तो "धुम् धुम् ताक्, धुम् ताक्" सुरू करेल. ठेका हाताने वाजतो, पण लक्षात राहतो तो बोलांमध्ये. तबल्याचे बोल असतात ते उगीच नाही. आत्या एका हाताने टेबल बडवत होती तेव्हा मनातल्या मनात ती बोलच म्हणत असणार, आणि त्याच मनातल्या तोंडाने तिला तुझे सात आकडेही घोळवायचे होते. म्हणजे हाताचं काम म्हणून तू जे दिलंस, ते निम्मं तोंडाचं काम होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही. एका लयीत एकसारखं टकटक करायला लावलं तर आकड्यांना फारसा धक्का बसत नाही, पण आडवातिडवा ठेका धरायला लावला तर चांगलाच बसतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यामुळे तुझा निकाल मॉडेलच्या विरोधात जात नाही, उलट त्याच्या बाजूनेच जातो. मात्र तू त्यावर चुकीची पाटी लावलीस.

हे ओळखायचं कसं? प्रयोग झाल्यावर प्रत्येकाला विचारायचं, "तू नेमकं काय करत होतास?" प्रॅक्टिकल करणाऱ्यांपैकी फार थोडे जण हे विचारतात. दुसरं म्हणजे ओठ बघायचे. आणि तिसरं, सगळ्यात पक्कं: त्याच माणसाला एका बोटाने घड्याळासारखं सरळ टकटक करायला लावायचं. त्यात आकडे जवळपास पहिल्यासारखे आले, तर दोष हाताचा नव्हता, ठेक्याचा होता.

आता व्हायवातला प्रश्न. "भाग वेगळे आहेत कशावरून?" याला बहुतेक विद्यार्थी उत्तर देतात, "दुसरं काम दिलं की पहिलं बिघडतं, म्हणून." समोरच्याने "मग काय झालं?" एवढंच विचारलं की उत्तर संपतं. दुसरं कुठलंही काम दिलं की पहिलं थोडं बिघडणारच. लक्ष वाटलं गेलं, माणूस गोंधळला, काम अवघड होतं, कारणं पुष्कळ. एका घसरणीवरून काहीच सिद्ध होत नाही. लागते ती फुली, म्हणजे दोन मुख्य कामं, दोन आडवी कामं आणि चारही जोड्या. पहिल्या कामाला एक आडवं काम जास्त छळतं आणि दुसऱ्या कामाला दुसरं आडवं काम जास्त छळतं, असं उलटसुलट चित्र आलं की "एक काम जरा जास्त अवघड होतं" हे स्पष्टीकरण गळून पडतं. तेच आडवं काम एका ठिकाणी जास्त त्रासाचं आणि दुसऱ्या ठिकाणी कमी त्रासाचं असेल, तर फरक अवघडपणाचा नसून जागेचा आहे.

या फुलीचं सगळ्यात देखणं उदाहरण मॉडेलच्याही आधीचं आहे. बॅडली आणि हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांचं वर्किंग मेमरीचं मॉडेल १९७४ चं. ली ब्रुक्स या कॅनडातल्या संशोधकाने १९६८ मध्येच ही फुली मांडून ठेवली होती. ती तू स्वतः करून बघ, मगच पुढे वाच.

इंग्रजी मोठा एफ डोळ्यांपुढे आण, जाड पट्टीचा, कडा असलेला, दुकानाच्या पाटीवर असतो तसा. त्याला दहा कोपरे असतात. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करून वर जा आणि कडेकडेने फिर. प्रत्येक कोपरा अक्षराच्या अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला असेल तर "हो", मध्ये कुठे असेल तर "नाही". डोळे मिटून कर. उत्तर येतं: हो, हो, हो, मग सहा वेळा नाही, आणि शेवटी हो.

दुसरं काम वाक्याचं. ब्रुक्सने तिकडच्या एका म्हणीवरून बेतलेलं दहा शब्दांचं वाक्य लक्षात ठेवायला दिलं. कागदाकडे न बघता एकेक शब्द घ्यायचा आणि तो नाम आहे का ते सांगायचं. आपल्याकडे "उथळ पाण्याला खळखळाट फार" घेऊन बघ: नाही, हो, हो, नाही.

आता खरी गंमत उत्तर देण्याच्या पद्धतीत आहे. दोन्ही कामांची उत्तरं एकदा तोंडाने द्यायची आणि एकदा बोटाने दाखवून द्यायची. बोटाने म्हणजे कागदावर ओळीओळीने "हो" आणि "नाही" छापलेले, पण वेडेवाकडे, कुठे डावीकडे सरकलेले तर कुठे उजवीकडे. प्रत्येक उत्तरासाठी पुढच्या ओळीत योग्य खूण शोधून तिच्यावर बोट ठेवायचं.

एफच्या कोपऱ्यांची उत्तरं तोंडाने द्यायला लोकांना सरासरी ११.३ सेकंद लागले. बोटाने द्यायला लागले २८.२. अडीचपट! हे वाचून कुणालाही वाटेल की बोटाची पद्धतच किचकट आहे. पण वाक्याच्या बाबतीत बोटाने ९.८ सेकंद लागले आणि तोंडाने १३.८. म्हणजे तीच किचकट पद्धत इथे जास्त सोपी ठरली. मनात वाक्य घोळत असताना तोंडाने "हो, नाही" म्हणणं म्हणजे जपाच्या मध्येच कुणी भाव विचारावा तसं. आणि मनात आकृती धरून ठेवलेली असताना कागदावर जागा शोधणं म्हणजे त्याच फळ्यावर दुसऱ्याने येऊन चित्र काढावं तसं. वर्गात मी हे चार आकडे फळ्यावर लिहायची आणि कुणी काही बोलायच्या आत दोन तिरप्या रेघा मारायची. त्या एकमेकींना छेदतात. व्हायवात एवढंच काढून दाखवलंस तरी अर्धं काम झालं.

बॅडलीलाही ही गोष्ट पटली ती रस्त्यावर. तो अमेरिकेत कॅलिफोर्नियात असताना गाडी चालवता चालवता रेडिओवर तिथल्या फुटबॉलचा सामना ऐकत होता. खेळाडू कुठे धावतोय, चेंडू कुठे गेला, याचं चित्र मनात रंगायला लागलं आणि गाडी लेनमध्ये डुलायला लागली. त्याने स्टेशन बदलून संगीत लावलं, गाडी सरळ झाली. जामठ्याला मॅच असते त्या दिवशी वर्धा रोडवर कानात कॉमेंट्री लावून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. परत आल्यावर त्याने आणि सहकाऱ्यांनी तेच प्रयोगशाळेत आणलं, १९७५ मध्ये. एक प्रकाशाचा ठिपका गोल फिरतोय, हातातल्या कांडीने त्याचा पाठलाग करत राहायचं. त्याच वेळी मनात एक तर चौकटीतल्या जागा लक्षात ठेवायच्या ("पहिल्या चौकोनात १, त्याच्या उजवीकडच्यात २, त्याच्या खालच्यात ३...") किंवा त्याच सांगाड्याची अर्थहीन वाक्यं, ज्यांत उजवी-डावी, वर-खाली यांच्या जागी जागेशी संबंध नसलेले शब्द घातलेले. ठिपक्याचा पाठलाग आणि चौकटीतल्या जागा एकत्र आले की मोडतोड झाली. अर्थहीन वाक्यं मात्र पाठलागातही टिकली.

इथे हुशार परीक्षक एक फाटा फोडतो: "अहो, डोळे ठिपक्यात गुंतले होते, एवढंच. स्मृतीचा वेगळा भाग कशाला मानायचा?" हा प्रश्न खरोखर चांगला आहे, आणि त्याचं उत्तर बॅडली आणि लीबरमन यांनी १९८० मध्ये दिलं. त्यांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. समोर लंबक झोके घेतोय, त्यातून आवाज येतोय, आणि हातातला टॉर्च त्या आवाजाच्या दिशेने रोखून धरायचा. डोळ्यांना काहीच काम नाही, तरीही चौकटीतल्या जागा बिघडल्या. उलट नुसता उजेड कमी की जास्त एवढंच सांगायचं काम, जे निव्वळ डोळ्यांचं, त्याने जागांना तेवढं छळलं नाही. म्हणजे भांडण डोळ्यांचं नव्हतं, मनातल्या जागेचं होतं. लूपच्या जोडीच्या या भागाला आपण स्केचपॅड म्हणतो, पण ते नाव जरा फसवं आहे. त्यात चित्रापेक्षा "कुठे" जास्त असतं.

आता तुझ्या निकालातला उरलेला तुकडा. समज, तू ठेक्याऐवजी खरोखर फक्त जागेचं काम दिलं असतंस, तरी आकडे थोडे घसरलेच असते. तिथे घाबरायचं नाही. दोन कामं सांभाळणं, कधी इकडे बघायचं कधी तिकडे हे ठरवणं, हेही एक काम आहे आणि ते सेंट्रल एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे मॉडेलमधल्या लक्ष वाटून देणाऱ्या भागाच्या गळ्यात पडतं. १९७४ च्या मूळ प्रयोगांत बॅडली आणि हिच यांनी लोकांना सहा-सहा आकडे म्हणत राहायला लावलं आणि त्याच वेळी छोटी तर्काची वाक्यं तपासायला दिली. आपल्या अक्षरांत सांगायचं तर, "ख हा क च्या आधी येत नाही", आणि पुढे लिहिलेलं "कख". खरं की खोटं? तेव्हा प्रचलित समज असा होता की अल्पकालीन स्मृती म्हणजे एकच पेटी, साधारण सहा-सात वस्तूंची, आणि विचारही त्याच पेटीत होतो. पेटी सहा आकड्यांनी जवळपास भरली म्हणजे तर्क कोलमडायला हवा होता. तो कोलमडला नाही. लोक हळू झाले, पण चुका फारशा वाढल्या नाहीत. हळू झाले याचा अर्थ काहीतरी सामाईक आहे. कोलमडले नाहीत याचा अर्थ सगळंच सामाईक नाही. मॉडेल या दोन वाक्यांच्या फटीतून जन्माला आलं. म्हणून तुझ्या प्रॅक्टिकलमध्ये "फरक पडायला नको" हे गृहीतकच चुकीचं लिहिलं गेलंय. तिथे लिहायचं होतं, "एका कामाने दुसऱ्यापेक्षा जास्त फरक पडेल."

(एक्झिक्युटिव्ह हा मॉडेलचा सगळ्यात ढिसाळ भाग आहे, हे मीच तुला सांगते. जे दुसऱ्या कुठे बसत नाही ते त्याच्या नावावर टाकता येतं. बॅडलीलाही ते खटकत होतं. २००० मध्ये त्याने वेगवेगळ्या भागांतली माहिती एकत्र बांधणारा, एपिसोडिक बफर नावाचा चौथा भाग जोडला. परीक्षकाने टोकलं तर हे मोकळेपणाने मान्य कर.)

कूलर आणि मालिका. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तू तो शेवटी टाकलास. कूलरने जवळजवळ काही होत नाही. मालिकेने होतं. लक्ष न देता कानावर पडलेलं बोलणंही लूपच्या साठ्यात शिरतं आणि तिथे ठेवलेले आकडे विस्कटतात, मग आकडे कार्डावर डोळ्यांनी वाचलेले असले तरी. सलामे आणि बॅडली यांनी १९८२ मध्ये हे दाखवलं: न समजणाऱ्या शब्दांच्या आवाजानेही आकडे बिघडले, नुसत्या एकसुरी खरखरीने नाही. सुरुवातीच्या, बिनठेक्याच्या फेरीत मालिका नव्हती आणि ठेक्याच्या फेरीत ती सुरू झाली असेल, तर तुझ्या ३.९ मध्ये सासू-सुनेचाही वाटा आहे. कोणत्या फेरीला टीव्ही होता ते आठवत असेल तर जर्नलमध्ये लिही. नसेल आठवत तर तेही लिही.

आता पुन्हा कर, पण असं.

मुख्य कामं दोन. एक, आकडे, तू केलेस तसेच. दोन, जागा: एका पुठ्ठ्यावर बाटल्यांची नऊ झाकणं वेडीवाकडी चिकटव, काही झाकणांवर एकेक करून बोट ठेव आणि त्याच क्रमाने दाखवायला सांग. त्यांना क्रमांक देऊ नकोस, ओळीत लावू नकोस. ओळीत लावलीस की आत्या मनात "दुसरं, पाचवं, सातवं" म्हणायला लागेल आणि जागेचं काम पुन्हा तोंडाचं होईल. झाकणं एका रंगाचीच घे, नाहीतर "लाल, निळं" सुरू होईल.

आडवी कामंही दोन. एक, "दही, दही, दही" असं सेकंदाला साधारण दोनदा म्हणत राहायचं, मोठ्याने नको, पुटपुटलं तरी चालेल. दुसरं, टेबलाखाली चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार नाणी चिकटव आणि न बघता एका हाताने त्यांच्यावर एकामागून एक टकटक करत फिरायचं, एकसारख्या गतीने, ठेका नाही. दोन्ही कामं आकडे किंवा झाकणं दाखवतानाच चालू ठेवायची, उत्तर देताना थांबवायची.

अडचण दोन ठिकाणी येते. सात आकडे दादाला सोपे आणि आजीला डोंगर. आजी पाच नीट म्हणू शकत असेल तर तिला पाचच दे, दादाला सात-आठ. प्रत्येकाला त्याच्या झेपण्याइतकं देऊन मगच जोडकाम बघायचं, नाहीतर तू जोडकाम नाही, वय मोजतेस. बॅडली आणि त्याच्या इटलीतल्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांवर काम केलं तेव्हा नेमकी हीच काळजी घेतली होती. दोन्ही कामं प्रत्येकाच्या पातळीवर आणून ठेवल्यावर निरोगी म्हातारे जोडकामात तरुणांइतकेच घसरले, रुग्ण मात्र खूप जास्त. त्यामुळे आजीच्या त्या दोन आकड्यांवरून तिच्या स्मरणशक्तीबद्दल काहीही ठरवू नकोस. तू तिला सात आकडे, पथकाचा ठेका आणि मालिका एकदम दिलीस.

दुसरी अडचण म्हणजे लोक गुपचूप आडवं काम सोडून देतात. आकडे नीट यावेत म्हणून "दही" हळू होतं, मध्येच थांबतं, आणि तू लिहितेस "फरक पडला नाही". म्हणून पंधरा सेकंदांत किती "दही" आणि किती टकटकी झाल्या ते मोज, आधी नुसते, मग आकड्यांबरोबर. आकडे टिकले पण दह्यांची संख्या निम्मी झाली, तर किंमत तिकडे मोजली गेलीय.

फेऱ्यांचा क्रम प्रत्येकाला वेगळा ठेव, म्हणजे सरावाचा आणि कंटाळ्याचा फायदा-तोटा एकाच रकान्यात साचणार नाही. प्रत्येक जोडीला निदान दहा याद्या घे. तीन माणसांवर तुला आकडेशास्त्र चालवता येणार नाही, पण दिशा दिसेल.

काय दिसायला हवं? समज, "दही"ने आकडे दीडने घसरले आणि नाण्यांनी अर्ध्याने. झाकणं "दही"ने अर्ध्याने घसरली आणि नाण्यांनी दीडने. तर चारही रकाने घसरलेले असूनही तुझी फुली तयार आहे. आणि समज, दोन्ही कामांना नाण्यांनीच जास्त छळलं, तर फुली नाही. नाण्यांवर टकटक करणंच फार अवघड होतं, हात न बघता चुकत होता आणि एक्झिक्युटिव्ह त्यातच अडकला. मग नाण्यांचं काम आधी पाच मिनिटं सराव करून सहज होऊ दे आणि पुन्हा घे. मात्र सराव करताना कुणी "वर, उजवीकडे, खाली" असं पुटपुटलं तर तिथेच थांबव.

पहिलं प्रॅक्टिकल जर्नलमधून काढू नकोस. "चाचणी फेरी" असा मथळा देऊन ५.६ आणि ३.९ तसेच लिही, खाली ठेक्याबद्दल आणि टीव्हीबद्दल दोन ओळी लिही, आणि पुढच्या पानावर सरळ टकटकीची फेरी लावून दोन्हींची तुलना कर. आजीला या वेळी मालिका संपल्यावर बसव.